काकांचं वर्तुळ पाव मिलिमीटरनेही चुकलं नव्हतं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर एक काका राहतात. आयुष्यभर एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त. एका रविवारी सकाळी मी सेव-उसळ आणायला निघाले होते, तर जिन्यातच त्यांनी मला अडवलं. हातात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. म्हणाले, "अगं, तू गणित शिकवतेस ना? हे बघ. वर्तुळाचा चौरस केला. पट्टी-कंपासनं. लोक म्हणतात होत नाही, माझा तर झाला. बरोबर छे ने?"

सेव-उसळ राहिली. ओट्यावर कागद पसरला. आकृती देखणी होती: दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आणि शेजारी त्याच्याइतक्याच क्षेत्रफळाचा म्हणून काढलेला चौरस. मी स्टीलची पट्टी लावून बाजू मोजली. १७.७ सेंटिमीटर आणि वर थोडं. खरं उत्तर १७.७२४५ सेंटिमीटर. पट्टीच्या हिशेबानं काका बरोबर होते.

आकृती कशी काढली ते त्यांनी सांगितलं. एक एकक बाजूच्या चौरसाचा कर्ण घेतला, म्हणजे √2. दोन एकक बाजूच्या समभुज त्रिकोणाची उंची घेतली, म्हणजे √3. दोन्ही एकाच रेषेवर एकापुढे एक ठेवले. १.४१४२१ अधिक १.७३२०५, बेरीज ३.१४६२६. हाच त्यांचा π. मग ती लांबी त्रिज्येच्या पटीत घेऊन तिच्या पुढे त्रिज्या जोडली, पूर्ण रेषेवर अर्धवर्तुळ काढलं आणि सांध्यावर लंब उभा केला. अर्धवर्तुळापर्यंतचा तो लंब म्हणजे दोन लांबींच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे चौरसाची बाजू. ही शेवटची पायरी अगदी निर्दोष आहे. गडबड पहिल्या बेरजेत आहे.

त्यांच्या बेरजेनं बाजू १७.७३७७ येते. खऱ्यापेक्षा ०.१३ मिलिमीटर जास्त, आणि त्यांच्या पेन्सिलीची रेघच त्याहून जाड होती. कागदावर ही चूक दिसणं शक्य नव्हतं. पोलो ग्राउंडवर दोरीनं दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं असतं तर तेरा मिलिमीटरचा फरक पडला असता, तेव्हा कुठे दिसला असता.

म्हणून असा दावा कुणी आणला की मी आकृती मोजत बसत नाही. आकृतीत लपलेला π कोणता, ते हिशेबानं बाहेर काढते. प्रत्येक आकृतीत एक असतोच. बौधायनाच्या शुल्बसूत्रात वर्तुळाचा चौरस करायची एक सोपी रीत आहे: व्यासाचे पंधरा भाग करा, दोन सोडा, उरलेल्या तेरांची बाजू घ्या. त्यात लपलेला π ३.००४४ इतका निघतो. सूत्रकार स्वतःच या बाजूला 'अनित्या' म्हणतो, म्हणजे नेमकी नसलेली. तो प्रामाणिकपणा मला फार आवडतो. रामानुजन यांनी १९१३ साली 355/113 वर आधारलेली रचना दिली आणि सोबत सांगितलं की वर्तुळ १ लाख ४० हजार चौरस मैलांचं असलं तरी बाजू साधारण एका इंचानं चुकेल. म्हणजे 'जवळपास'ला बंदी नाही, कितीही जवळ जाता येतं. अशक्य आहे ते तंतोतंत.

काकांचा पुढचा प्रश्न योग्य होता. "माझी बेरीज चुकली, मान्य. पण दुसऱ्या कुणाची जुळणारच नाही, हे तू कशावरून सांगतेस?"

यासाठी पट्टी आणि कंपास नेमकं काय करतात ते बघावं लागतं. पट्टीवर खुणा नाहीत, तिचं काम दोन बिंदूंतून सरळ रेघ मारणं एवढंच. कंपासचं काम वर्तुळ काढणं. नवा बिंदू मिळतो तो फक्त छेदातून: रेघ आणि रेघ, रेघ आणि वर्तुळ, वर्तुळ आणि वर्तुळ. कागदावर आलेखासारखे अक्ष कल्पिले तर रेघेचं समीकरण एकघाती आणि वर्तुळाचं वर्गसमीकरण. त्यांचा छेद काढताना वाईटात वाईट एक वर्गसमीकरण सोडवावं लागतं. म्हणजे प्रत्येक पायरीवर आधीच्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि फार तर एक नवं वर्गमूळ. बाकी काही नाही. हजार पायऱ्या केल्या तरी हाती येते ती वर्गमुळांत वर्गमुळं गुंफलेली एक संख्या.

मी याला मजले म्हणते. तळमजल्यावर सगळे अपूर्णांक राहतात, म्हणजे परिमेय संख्या. त्यातल्या एखाद्या संख्येचं वर्गमूळ तिथे नसेल तर ते घेऊन वर एक मजला चढवायचा. मग त्या मजल्यावरच्या एखाद्या संख्येचं वर्गमूळ घेऊन आणखी एक. काकांची संख्या दुसऱ्या मजल्यावरची, √2 चा एक मजला आणि √3 चा दुसरा.

अशा संख्येला पूर्णांक सहगुणकांचं समीकरण नेहमी असतं. काकांचंच काढू. x = √2 + √3 म्हटलं तर वर्ग केल्यावर x² = 5 + 2√6. पाच डावीकडे नेऊन पुन्हा वर्ग केला की (x² − 5)² = 24, म्हणजे

x⁴ − 10x² + 1 = 0

वर्गमुळं गेली, उरली चार कोटीची बहुपदी. कोटी म्हणजे सगळ्यात मोठा घात. आता दोन गोष्टी हाती आल्या. एक, पट्टी-कंपासनं मिळालेल्या कोणत्याही संख्येला असं काही ना काही समीकरण असतंच. दोन, तिच्या सगळ्यात लहान समीकरणाची कोटी १, २, ४, ८ अशीच असते, कारण प्रत्येक मजला दुप्पट करतो, तिप्पट कधीच नाही. पट्टी-कंपासचा असाच आणखी एक जुना प्रश्न आहे, दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाच्या घनाची बाजू काढायची. तो घनाचा प्रश्न दुसऱ्या गोष्टीवर आपटतो आणि वर्तुळाचा पहिल्या. दोन्हींना आपण एकाच दमात 'अशक्य' म्हणतो, पण त्या अशक्यपणाची जात वेगळी आहे.

घनाचा प्रश्न आधी घेऊ. एक मीटर बाजूच्या घनाकृती टाकीत हजार लिटर पाणी मावतं. दोन हजार लिटरची घनाकृतीच टाकी हवी तर बाजू किती? बाजू दुप्पट करणारा फसतो, त्याची टाकी आठ हजार लिटरची होते. ग्रीकांच्या कथेत डेलॉस बेटावर साथ आली तेव्हा दैववाणीनं घनाकृती वेदी दुप्पट करायला सांगितली, म्हणून या प्रश्नाला डेलॉसचं नाव पडलं. चौरस दुप्पट करणं सोपं आहे, कर्णावर नवा चौरस उभारायचा. शुल्बसूत्रात त्या कर्णाला 'द्विकरणी' म्हणतात. घनासाठी मात्र ∛2 हवं, साधारण १.२५९९. टाकीवाल्याला १.२६ पुरेल. आपल्याला तंतोतंत हवं आहे.

समजा ∛2 एखाद्या मजल्यावर मिळतं. तर ते पहिल्यांदा कोणत्या मजल्यावर मिळतं, तो घ्या. तिथे त्याचं रूप a + b√d असं असणार, जिथे a, b, d खालच्या मजल्यावरच्या संख्या आहेत आणि √d हे याच मजल्याचं नवं वर्गमूळ. घन करू:

(a + b√d)³ = (a³ + 3ab²d) + (3a²b + b³d)√d

हे सगळं मिळून 2 व्हायला हवं. √d च्या पुढचा कंस शून्य नसेल, तर त्यानं भागून √d खालच्याच मजल्यावर मिळेल, मग नवा मजला चढवला कशाला? म्हणून तो कंस शून्यच आहे. पण मग a − b√d चा घन केला तरी 2 च येतो, कारण चिन्ह फक्त त्या शून्य कंसाचं बदलतं. म्हणजे दोनची दोन घनमुळं झाली. दोन्ही वास्तव, आणि ती वेगवेगळी असतील तर मोठीचा घन मोठाच येणार. तेव्हा दोन्ही एकच आहेत आणि b शून्य आहे. पण b शून्य असेल तर ∛2 म्हणजे नुसतं a, खालच्या मजल्यावरची संख्या. आपण तर पहिल्यांदा मिळणारा मजला घेतला होता.

एकच जागा उरली, तळमजला. ∛2 हा अपूर्णांक p/q असेल तर p³ = 2q³. डावीकडे दोन हा अवयव तीनच्या पटीत येतो, उजवीकडे तीनच्या पटीपेक्षा एक जास्त. जमत नाही. संपलं.

काकांना ही सिद्धता दोनदा वाचल्यावर पटली आणि खरं तर ती कुणालाही पटावी. प्रत्येक मजला जुळं जन्माला घालतो, अधिक चिन्हाचं एक आणि उणे चिन्हाचं एक. x³ = 2 ला वास्तव उत्तर एकच आहे, त्याला जुळं भावंड नाही. कोटीच्या भाषेत हेच म्हणतात: x³ − 2 ही तीन कोटीची बहुपदी लहान तुकड्यांत फुटत नाही, आणि मजले चढवून २, ४, ८, १६ मिळतात, त्यात तीनला जागा नाही. पियेर वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ साली हे छापलं. दोन हजार वर्षांहून जुना प्रश्न आणि उत्तर अर्ध्या पानात मावतं. मला अजूनही थोडं अन्यायाचं वाटतं की वांत्सेलचं नाव कुणाला ठाऊक नाही.

आता वर्तुळ. एक त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ π, म्हणून चौरसाची बाजू √π. इथे बरेच जण, अगदी शिकवणारेही, चटकन म्हणतात: π अपरिमेय आहे, म्हणून अशक्य. हे कारण चुकीचं आहे. √2 सुद्धा अपरिमेय आहे आणि काकांनी तो अर्ध्या मिनिटात काढला होता. लांबर्टनं १७६१ साली π अपरिमेय असल्याचं दाखवलं, पण त्यानं फक्त तळमजला बाद झाला. वरचे मजले तसेच.

मग घनाची युक्ती इथे का लागू पडत नाही? कारण तिथे समीकरण हातात होतं. 'दुप्पट घन' म्हणताक्षणी x³ = 2 मिळालं आणि त्याची कोटी मोजली. π चं समीकरण कोणतं? कुणी दिलेलं नाही. π ची ओळख वर्तुळाच्या परिघातून होते, न संपणाऱ्या बेरजांतून होते, बहुपदीतून नाही. आणि समजा ते कुठूनतरी सापडलं आणि आठ कोटीचं निघालं, तर कोटीच्या हरकतीला काही आधारच उरत नाही. आठला मजल्यांत जागा आहे.

काकांचं समीकरण तपासू. x च्या जागी π घालून x⁴ − 10x² + 1 काढलं तर ९७.४०९ उणे ९८.६९६ अधिक १, म्हणजे −०.२८७. शून्य नाही, म्हणून काकांचा दावा बाद. पण हे एक समीकरण झालं. प्रत्येक नव्या आकृतीबरोबर नवं समीकरण येणार, कोटी चारशे असू शकते, सहगुणक वीस-वीस आकडी असू शकतात. एकेक तपासत बसायचं तर जन्म पुरणार नाही. सिद्ध करायचं आहे ते हे की π ला कोणत्याही कोटीचं, कोणत्याही पूर्णांक सहगुणकांचं समीकरण नाही. अशा संख्येला अबैजिक म्हणतात, इंग्रजीत ट्रान्सेंडेंटल. 'समीकरणाची कोटी चुकीची आहे' हे दाखवणं एक, 'समीकरणच नाही' हे दाखवणं अगदी दुसरं.

त्यासाठी हत्यारही दुसरं लागलं. १८७३ साली एर्मीतनं e ही संख्या, २.७१८२८..., अबैजिक असल्याचं सिद्ध केलं. त्याची पूर्ण सिद्धता इथे मांडत नाही, पण तिच्या आतला सांगाडा लहान प्रमाणात दाखवता येतो. e म्हणजे

1 + 1 + 1/2 + 1/6 + 1/24 + 1/120 + 1/720 + ...

समजा कुणी म्हणालं e हा छेद पाच असलेला अपूर्णांक आहे, p/5. दोन्ही बाजूंना १२० नं गुणा. p/5 चे 24p झाले, पूर्णांक. उजवीकडे पहिली सहा पदं १२०, १२०, ६०, २०, ५, १ झाली, बेरीज ३२६, तीही पूर्णांक. उरलं शेपूट: 1/6 + 1/42 + 1/336 + ... हे शून्याहून मोठं आहे, पण 1/6 + 1/36 + 1/216 + ... पेक्षा लहान, आणि ती बेरीज 1/5 आहे. प्रत्यक्षात शेपूट ०.१९३८ भरतं. म्हणजे पूर्णांकातून पूर्णांक वजा करून शून्य आणि एक यांच्या मधली संख्या आली. असा पूर्णांक नसतो. छेद पाच ऐवजी दुसरा कोणताही घेतला तरी हेच होतं.

एर्मीतनं हाच सापळा कोणत्याही कोटीच्या समीकरणासाठी लावला. त्याची सिद्धता पुढे इतरांनी सोपी केली, त्या रूपात e एखादं समीकरण पाळते असं धरायचं, एक मोठी मूळ संख्या घेऊन तिच्यावर बेतलेल्या खास बहुपदीनं सगळं गुणायचं. असा एक पूर्णांक तयार होतो जो त्या मूळ संख्येनं भागला जात नाही, म्हणून शून्य नाही. आणि मूळ संख्या मोठी घेत गेलं की तोच पूर्णांक आकारानं एकाहून लहान करता येतो. पुन्हा तीच अडचण, शून्य आणि एकच्या मध्ये पूर्णांक. भागाकारानं खालून रेटायचं आणि आकारमानानं वरून दाबायचं.

१८८२ साली लिंडमाननं हे π पर्यंत नेलं. त्यानं दाखवलं की शून्याखेरीज कोणतीही बैजिक, म्हणजे असं समीकरण असलेली संख्या, काल्पनिक धरून, e च्या घातांकात ठेवली तर उत्तर अबैजिकच येतं. आता ऑयलरचं समीकरण घ्या, e^(iπ) = −1. π बैजिक असता तर iπ सुद्धा बैजिक ठरला असता, कारण i ला x² + 1 = 0 हे समीकरण आहेच. मग डावी बाजू अबैजिक यायला हवी होती. पण उजवीकडे साधा −1 बसलाय, ज्याचं समीकरण x + 1 = 0. म्हणून π बैजिक नाही. आणि √π ला समीकरण असतं तर त्याच्या वर्गालाही मिळालं असतं, म्हणून तोही नाही.

दोन सिद्धता शेजारी ठेवल्या की फरक जाणवतो. घनाच्या सिद्धतेत सगळं बीजगणित, आकारमानाचा विचार एकदाच डोकावतो, मोठीचा घन मोठा एवढ्यापुरता. वर्तुळाच्या सिद्धतेत जीव आकारमानातच आहे, अनंत बेरजेचं शेपूट किती लहान यात. तसं असणं भागच होतं, कारण π जन्मालाच तशा बेरजेतून येतो.

निकालाच्या ताकदीतही फरक आहे. घनाचं अशक्य होणं हत्याराला चिकटलेलं आहे. पट्टीवर दोन खुणा करू दिल्या आणि ती सरकवत जुळवू दिली, तर ∛2 तंतोतंत मिळतं, ग्रीकांना ही युक्ती माहीत होती. कागदाच्या घड्या घालूनही मिळतं. हत्यार वाढवलं की तीन कोटीची समीकरणं सुटतात, एवढंच. π ला मात्र समीकरणच नाही, म्हणून खुणांची पट्टी, घड्या, घनमूळ काढणारं एखादं यंत्र, कशानंही फरक पडत नाही.

इथे काकांनी मला पकडलं. "मग चाक?" म्हणाले. दहा सेंटिमीटर त्रिज्येचं चाक अर्धा फेरा जमिनीवर न घसरता लोळवलं की ते बरोबर दहा π सेंटिमीटर पुढे जातं. ती लांबी घेतली आणि त्यांचाच तो अर्धवर्तुळाचा लंब काढला की चौरस तयार, तंतोतंत. बरोबर आहे. लोळणाऱ्या चाकानं काम होतं, कारण ते मोजक्या छेदबिंदूंचं काम नाही, वक्राची पूर्ण लांबी सलग सरळ केली जाते. प्रश्नाच्या अटीत तेवढं बसत नाही.

पुढच्या रविवारी काका पुन्हा वर आले, नवा ट्रेसिंग पेपर घेऊन. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांना कोखान्स्कीची १६८५ सालची रचना सापडली होती. तिच्यात लपलेला π आहे √(40/3 − 2√3), म्हणजे ३.१४१५३३. दहा सेंटिमीटरच्या वर्तुळावर चौरसाची बाजू दोन हजारांश मिलिमीटरनेही चुकत नाही. या वेळी समीकरण त्यांनी स्वतःच काढून आणलं होतं, कोपऱ्यात बारीक अक्षरात: 9x⁴ − 240x² + 1492 = 0. खाली π घालून आलेलं उत्तर लिहिलं होतं, −०.०२३, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.